गवई नेमका बसतो कुठे?

बालगंधर्वांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या मोनो आहेत. एक कर्णा किंवा एक मायक्रोफोन, एक खाच, एक आवाज. ही ध्वनिमुद्रणे दोन स्पीकरवर वाजवली, तर दोन्हींतून अक्षरशः तोच आवाज निघतो. दोन स्पीकरच्या बरोबर मधे बसून ऐकलं, की आवाज दोन्हींतून येत नाही. तो मधल्या मोकळ्या जागेतून येतो, जिथे काहीच नाही. या आभासाला ध्वनिप्रतिमा म्हणू.

हीच तबकडी मोटारीत लावा. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. उजव्या दाराचा स्पीकर त्याच्या गुडघ्याशी आणि डाव्या दाराचा पार पलीकडच्या प्रवाशाच्या पायाशी असतो. गवई समोर येत नाही. तो चालकाच्या उजव्या गुडघ्यापाशी जाऊन बसतो आणि तिथूनच गातो. डावा स्पीकर बंद आहे की काय, असं वाटतं. म्हणून बॅलन्सचं बटण डावीकडे फिरवलं, तर थोडा फरक पडतो, पण गवई मधे येऊन स्थिर होत नाही. आवाज पसरट होतो, सरकतो आणि अचानक डाव्या दारात जाऊन बसतो. मी दहा-बारा वर्षं गाडीत असंच ऐकत आलो. दोन वर्षांपूर्वी गाडीत एक डीएसपी, म्हणजे डिजिटल सिग्नल प्रोसेसर बसवून घेतला. गवयाला गुडघ्याकडून काचेसमोर आणायला मला जवळजवळ तीन आठवडे लागले. त्यातला बराच वेळ एका चुकीपायी गेला. ती चूक पुढे सांगतो.

बॅलन्सने काम का होत नाही, हे आधी समजून घ्यायला हवं. आवाज कुठल्या बाजूने आला, हे कान दोन खुणांवरून ठरवतात. आवाज कुठल्या कानाला आधी पोचला, ही एक खूण. कुठल्या कानाला मोठा ऐकू आला, ही दुसरी. लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली या दोन खुणांची वाटणी मांडली. ढोबळपणे दीड हजार हर्ट्झच्या खाली वेळेचा फरक जास्त बोलका असतो आणि त्याच्या वर मोठेपणाचा. वेळेचा हा फरक फार लहान असतो. आवाज अगदी एका बाजूने आला, तरी एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत पोचायला त्याला साधारण ०.६५ मिलीसेकंद पुरतात. अनुकूल परिस्थितीत माणसाला त्याच्याही साठाव्या-सत्तराव्या भागाचा, म्हणजे मिलीसेकंदाच्या शंभराव्या हिश्शाचा फरक कळतो. ज्या इंद्रियाला इतकं बारीक कळतं, त्याच्यापासून अर्ध्या मीटरचा फरक लपत नाही.

दोन स्पीकरमधून एकच आवाज आला आणि एक थोडा आधी पोचला, तर काय होतं? फरक एका मिलीसेकंदाच्या आतला असेल, तर प्रतिमा आधी पोचणाऱ्या स्पीकरकडे सरकते. एक मिलीसेकंद ओलांडला, की ती पूर्णपणे त्या स्पीकरमध्ये जाऊन बसते. उशिरा आलेला आवाज ऐकू येतो, पण त्याची जागा कळत नाही. १९४९ साली वॉलॅक, न्यूमन आणि रोझेनझ्वाइग या तिघांनी अमेरिकेत आणि हेल्मुट हास यांनी जर्मनीतल्या ग्योटिंगेन येथे हे वेगवेगळं तपासलं. हास यांच्या प्रयोगांतून आणखी एक गोष्ट पुढे आली. उशिरा येणारा आवाज बराच मोठा केला, तरी कान पहिल्या आवाजाचीच दिशा खरी मानतो. गाडीत बॅलन्सचं बटण का हरतं, याचं उत्तर यात आहे. आपण वेळेचं भांडण आवाज वाढवून मिटवायला जातो.

गाडीत हा फरक किती असतो? माझ्या गाडीचीच मापं देतो. ती साधी हॅचबॅक आहे. पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंच्या खांबांवर ट्विटर, म्हणजे तीव्र आवाजाचे छोटे स्पीकर आहेत. दारांत साडेसहा इंची स्पीकर आहेत आणि डिकीत सबवूफर. मागच्या दारांचे स्पीकर मी बंदच केले. चालकाच्या सीटवर नेहमीसारखं टेकून बसलो आणि मुलाला मोजपट्टीचं दुसरं टोक प्रत्येक स्पीकरच्या मध्यावर धरायला लावलं. माझ्याकडचं टोक मी नाकाच्या मुळाशी, दोन्ही डोळ्यांच्या मधे धरलं. कानाशी धरायचं नाही, कारण आपल्याला डोक्याच्या मध्यरेषेपासूनचं अंतर हवं असतं. उजवा ट्विटर ८० सेंटिमीटर, उजव्या दाराचा स्पीकर ९२, डावा ट्विटर १२८, डाव्या दाराचा १३६ आणि सबवूफर १७५ सेंटिमीटर भरला.

हवेत आवाजाचा वेग तापमानावर ठरतो. २८ अंशांना तो सेकंदाला सुमारे ३४८ मीटर असतो, म्हणजे एका मिलीसेकंदात ३४.८ सेंटिमीटर. दोन दारांच्या स्पीकरांमध्ये ४४ सेंटिमीटरचा फरक आहे, म्हणजे १.२६ मिलीसेकंदांचा. हा आकडा एकाच्या पुढे आहे, म्हणून गवई उजव्या गुडघ्याशी जाऊन बसलेला.

या फरकाचा दुसरा परिणाम कमी बोलला जातो, पण गाणं ऐकणाऱ्याला तो जास्त खुपतो. डाव्या आवाजाला ४४ सेंटिमीटर जास्त चालावं लागतं. ज्या स्वराची अर्धी लहर नेमकी तेवढी असते, तो स्वर डावीकडून उलटा होऊन पोचतो आणि उजवीकडून आलेल्या स्वराला खातो. हिशेब केला, तर हा स्वर सुमारे ३९५ हर्ट्झचा निघतो. हार्मोनियमच्या मधल्या सप्तकातल्या सफेद एकचा सा धरला (२६१ हर्ट्झ), तर त्याचा पंचम ३९२ हर्ट्झवर येतो. म्हणजे चालकाच्या डोक्यापाशी पंचमालाच गळती लागलेली. दारं आणि काचांवरून परावर्तित होणारे आवाज ही गळती काही प्रमाणात भरून काढतात, म्हणून स्वर अगदी नाहीसा होत नाही. पण पंचमावर न्यास करणारा गवई गाडीत पोकळ का वाटतो, हे मला वर्षानुवर्षं कळलं नव्हतं. मी गाडीच्या स्पीकरला दोष देत होतो.

उपाय सरळ आहे. जवळचा स्पीकर लांब नेता येत नाही, पण त्याला उशीर करायला सांगता येतं. डीएसपीमध्ये आवाजाचे आकडे झालेले असतात. ते काही काळ साठवून मग पुढे सोडले, की उशीर झाला. सर्वांत लांबच्या स्पीकरला शून्य विलंब आणि बाकीच्या प्रत्येकाला, तो सर्वांत लांबच्यापेक्षा जितका जवळ तितका विलंब. माझ्या गाडीत सबवूफरला शून्य, डाव्या दाराला (१७५ उणे १३६, भागिले ३४.८) १.१२ मिलीसेकंद, डाव्या ट्विटरला १.३५, उजव्या दाराला २.३८ आणि उजव्या ट्विटरला २.७३. सगळ्यात जवळच्याला सगळ्यात जास्त. इथे गफलत होते ती अशी, की काही सॉफ्टवेअर विलंब मागतात आणि काही अंतर. अंतराच्या रकान्यात विलंबाच्या हिशेबाने आकडे भरले, तर सगळं उलटं होतं आणि आधीच गुडघ्याशी असलेला गवई सीटखाली जातो. आकडे भरल्यावर प्रतिमा जास्तच बिघडली, तर पहिला संशय याच गोष्टीवर घ्यावा.

माझं मात्र आकडे बरोबर भरूनही बिघडलं होतं. गवई गुडघ्यापासून हलला, पण कुठेच बसेना. आवाज डोक्याभोवती पसरल्यासारखा झाला आणि तबल्याचा डग्गा तर गायबच झाला. मी दोन आठवडे विलंबाचे आकडे पाव-पाव मिलीसेकंदाने मागेपुढे करत राहिलो. एका आकड्यावर जरा बरं वाटायचं, तर दुसऱ्या गाण्यात ते फसायचं. शेवटी एका जाणत्या मित्राने सांगितलं, की आकडे सोड, ट्विटर आणि सबवूफर बंद कर, फक्त दोन दारं चालू ठेव आणि मोनो गाणं लाव. मग डीएसपीमध्ये एका दाराचं प्लस-मायनस उलटं कर. उलटं केल्याबरोबर डग्गा परत आला. गाडीचं काम करणाऱ्याने डाव्या दाराच्या तारा उलट जोडल्या होत्या. एक स्पीकर पुढे ढकलत होता, तेव्हा दुसरा मागे ओढत होता.

ही चूक विलंबाने दुरुस्त होत नाही, कारण तारा उलट्या असतील, तर प्रत्येक स्वर उलटा होतो. विलंब मात्र एकाच स्वराला नेमका अर्धी लहर सरकवतो आणि बाकीच्यांना कमी-जास्त. म्हणून एका गाण्यात जमतं आणि दुसऱ्यात फसतं. ओळखण्याची खूण मंद्र स्वरांत असते. शंभर हर्ट्झच्या स्वराची लहर साडेतीन मीटर लांब असते. ४४ सेंटिमीटरने तिला फारसा फरक पडत नाही, त्यामुळे योग्य जोडणीत दोन दारं मिळून डग्गा भरदारच वाजला पाहिजे. दोन्ही दारं चालू केल्यावर तो एका दारापेक्षा बारीक वाजत असेल, तर तारा उलट्या आहेत. ही परीक्षा विलंबाला हात लावण्याआधी करायची. मी ती नंतर केली.

मूळ म्युझिक सिस्टीमही तपासायला हवी. गाडीबरोबर आलेली काही यंत्रं स्वतःच आवाजाला घासून-पुसून देतात, काही तर थोडा विलंबही घालतात. तिथले सगळे इफेक्ट बंद करून, बॅलन्स मध्यावर आणून मगच पुढे जावं. आणि एक धोक्याची गोष्ट. डीएसपीमधून ट्विटरला थेट अॅम्प्लिफायर जोडलेला असेल, तर त्याला मंद्र स्वर जाऊ न देणारी गाळणी आधी लावायची. माझ्याकडे ती ३००० हर्ट्झवर आहे. ती न लावता एक मोठा ठोका वाजला, तरी ट्विटरची तार जळू शकते.

मोजपट्टीने आलेले आकडे ही सुरुवात असते. पट्टी सरळ रेषेत मोजते. स्पीकरच्या शंकूत आवाज नेमका कुठून निघतो, जाळीचा आणि डॅशबोर्डच्या कडेचा काय परिणाम होतो, हे ती सांगत नाही. पुढचं काम कानाने करायचं. त्यासाठी गाडी बंद, काचा वर, एसीचा पंखा बंद. दोन दारांचेच स्पीकर चालू ठेवून, साधारण २०० ते ८०० हर्ट्झपुरता मर्यादित केलेला मोनो खरखराट लावला. शांत बसून डोळे मिटले, की हा खरखराट एखाद्या ढगासारखा जाणवतो. उजव्या दाराचा विलंब ०.०२ मिलीसेकंदांनी वाढवत-कमी करत गेलं, की एका आकड्यावर ढग आकसून एका ठिकाणी येतो. माझ्याकडे तो १.२६ ऐवजी १.३२ या फरकावर आकसला. मग दारं बंद करून दोन ट्विटर. तिथे विलंबाने फारसं हलत नाही, कारण तीव्र स्वरांत कान मोठेपणाकडे बघतो. जवळचा ट्विटर मोठा ऐकू येतो. ८० आणि १२८ सेंटिमीटरचा नुसता अंतराचा हिशेब केला, तर चार डेसिबलचा फरक निघतो. तो कमी करावाच लागतो. माझ्याकडे उजवा ट्विटर तीन डेसिबलने खाली आणल्यावर जमलं.

वेळ जमली आणि पातळी चुकली, तर त्याचीही ओळखू येणारी खूण असते. गायकाचा आवाज समोर, पण ‘स’, ‘श’, ‘च’ ही व्यंजनं उजव्या खांबातून येतात. जणू गवयाचं तोंड काचेवर आणि दात खांबावर. असं झालं, तर विलंबाला हात न लावता उजव्या ट्विटरची पातळी आणि त्या पट्टीतला डावा-उजवा समतोल बघायचा. एखादाच स्वर बाजूला पळत असेल, तर त्या स्वरापाशी डाव्या-उजव्या दारांची पातळी सारखी नाही, असं समजायचं. मोनो ध्वनिमुद्रण इथे फार कामाचं ठरतं. त्यातला आवाज मूळचाच एका बिंदूत आहे, म्हणून जे काही पसरलं, ते गाडीने पसरवलं. स्टिरिओ गाण्यात कुणाला कुठे बसवलं होतं, हे आपल्याला ठाऊक नसतं, त्यामुळे दोष कुणाचा हे कळत नाही.

सबवूफर हे वेगळं प्रकरण आहे. मोजपट्टीप्रमाणे तो सर्वांत लांब, म्हणून शून्य. पण तो ८० हर्ट्झच्या वरचं गाळून वाजतो, आणि अशी गाळणी स्वतःच काही मिलीसेकंद खाते. दारांच्या स्पीकरवरच्या गाळणीतही तसंच घडतं, शिवाय दाराच्या पत्र्याचं स्वतःचं वागणं त्यात मिसळतं. पट्टी तिथे अपुरी पडते. मी केलं ते असं. ८० हर्ट्झचा स्वर लावला, सबवूफरची जोडणी मुद्दाम उलटी केली आणि दारांचा विलंब सगळ्यांना सारखाच वाढवत नेला. ज्या आकड्यावर स्वर सर्वांत जास्त बुडाला, तिथे थांबलो आणि जोडणी सुलटी केली. जे उलटं असताना सर्वांत जास्त एकमेकांना खातं, ते सुलटं असताना सर्वांत जास्त एकत्र येतं, आणि खड्डा कानाला उंचवट्यापेक्षा स्पष्ट कळतो. हे बरोबर जमलं, की डिकीतला ठोका पुढे येतो. डग्गा काचेखाली वाजल्यासारखा वाटतो. खोल स्वरांची दिशा कानाला कळत नाहीच, ती तो वरच्या सप्तकांवरून ठरवतो.

तर शेवटी गवई कुठे आला? स्टिअरिंगच्या अगदी समोर नाही. किंचित डावीकडे, माझ्या नाकासमोरून साधारण दहा अंश. आधी मला ही माझी चूक वाटली. पण उजवा स्पीकर माझ्यापासून वीस-पंचवीस अंश उजवीकडे आहे आणि डावा पन्नासच्या आसपास डावीकडे. दोन्हींतून आवाज एकाच वेळी, सारखाच पोचला, तर प्रतिमा या दोन दिशांच्या मधे पडते, आणि हा मध्य नाकासमोर नाही. तिला ओढून नाकासमोर आणता येतं, पण त्यासाठी उजव्याला पुन्हा थोडं आधी सोडावं लागतं आणि ढग पुन्हा विसकटतो. मी तिला तिथेच राहू दिलं. उन्हात उभी राहून गाडी आतून तापली, की ती आणखी जराशी डावीकडे जाते. पन्नास अंशांना आवाज सेकंदाला सुमारे ३६० मीटर चालतो, त्यामुळे १.२६ची खरी गरज १.२२ वर येते आणि उजवा स्पीकर थोडा जास्तच थांबतो. एसी लागला, की प्रतिमा परत जागेवर.

एका रविवारी हिला शेजारी बसवून मी मोठ्या हौसेने तबकडी लावली. दोन मिनिटं ऐकून ती म्हणाली, “अहो, हे सगळं माझ्या दारातून येतंय. तुमच्या बाजूचं बंद आहे का?” तिचं बरोबर होतं. तिला डावं दार जवळचं, तेही ४४ सेंटिमीटरनेच. त्यात मी उजव्याला आणखी १.३२ मिलीसेकंद थांबवलं होतं. तिच्या सीटवर फरक अडीच मिलीसेकंदांच्या वर गेला. पूर्वी गवई तिच्या गुडघ्याशी होता, आता तो तिथून हलण्याची शक्यताच मी संपवली. माझ्या जागी जितकं अचूक, तितकंच तिच्या जागी चुकीचं. दोन स्पीकर आणि दोन डोकी असतील, तर एक विलंब दोघांना पुरत नाही, आणि कितीही महाग डीएसपी घेतला, तरी हा हिशेब तसाच राहतो.

यंत्रात वेगवेगळ्या मांडण्या साठवता येतात. पहिली मी एकटा असताना. दुसरीत डाव्या-उजव्यामधला विलंब शून्य केला आहे, फक्त प्रत्येक दार आणि त्याचा ट्विटर आपसांत जुळवलेले आहेत, म्हणजे दोघांनाही गवई आपापल्या दारात, पण कुणाचाही दुसऱ्याच्या दारात नाही. पंचमाची गळती दोघांनाही सारखीच. आम्ही दोघं निघालो, की ती लावतो. मोनो तबकड्यांसाठी मात्र आणखी एक उपाय निघतो. कित्येक जुन्या गाड्यांत रेडिओला एकच स्पीकर असे, डॅशबोर्डच्या मध्यावर. त्याला डावं-उजवं नाही, जुळवायला दुसरा आवाज नाही, आणि दोन्ही सीटवरून गवई त्याच एका जागी बसलेला असे. माझ्या डीएसपीचा सहावा मार्ग रिकामा आहे. डॅशबोर्डच्या मध्यावर साडेतीन इंची स्पीकर मावतो का, हे बघायला पुढच्या आठवड्यात जाळी उघडणार आहे.